कोटेशन चौदा लाखांचं, कर्ज सहा लाखांचं : एका मसाला उद्योगाच्या कर्जप्रस्तावाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या बाजाराच्या गावात एक ताई घराला लागूनच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरची कांडपाचा धंदा करतात. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतलेच आहेत, फक्त सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. लघुउद्योगांचे कर्जप्रस्ताव तयार करून देणं हे माझं रोजचं काम असल्याने हे प्रकरण पहिल्या भेटीपासून माझ्यासमोर घडलं.

धंदा दोन अंगांचा होता. एक, लोक घरची मिरची-मसाला घेऊन येतात, तो डंक्यावर कुटून द्यायचा आणि किलोमागे ४० रुपये घ्यायचे. वर्षाला साधारण ४,००० किलो कांडप व्हायचं. दुसरं, स्वतः बनवलेला कांदा-लसूण मसाला आजूबाजूच्या दुकानांना आणि ओळखीच्या घरांना विकायचा. तो वर्षाला २,४०० किलो जायचा, किलोला ३८० रुपयांनी. दोन्ही मिळून उलाढाल १०,७०,००० रुपयांच्या आसपास. यजमान दूध संकलनाची गाडी चालवतात आणि हंगामात कांडपाला हातभार लावतात.

या धंद्याचं वर्ष सरळ चालत नाही. वर्षाची चटणी करायचे दिवस मार्च ते मे. त्या तीन महिन्यांत डंका पहाटेपासून रात्रीपर्यंत थांबत नाही. दिवाळीच्या आधी थोडी गर्दी होते. पावसाळ्यात मात्र आठवड्यातून दोन-तीन दिवसच शेड उघडावी लागते. पुढचा सगळा निर्णय याच चढउतारावर उभा राहिला.

अडचण नेमकी काय होती

२०२३ च्या जुलैत ताई आल्या त्या हातात कोटेशन आणि तयार प्रकल्प अहवाल घेऊनच. यंत्र विक्रेत्याने दोन्ही फुकट करून दिलं होतं. प्रकल्प १४,२०,००० रुपयांचा. त्यात दळायचा मोठा पल्व्हरायझर, भाजायचा रोस्टर, स्वयंचलित पॅकिंग मशीन, नवी शेड आणि माल पोचवायला छोटा टेंपो. विक्रेत्याने समजावलं होतं ते असं : सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, म्हणजे जवळजवळ पाच लाख माफ. "मग राहिले नऊच, ताई. तेवढं तर मशीनच फेडेल."

ताईंची खरी गरज विचारली तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. गेल्या हंगामात त्यांना तीन ठिकाणी अडायला झालं होतं. एप्रिलमध्ये रांग लागली की लोक मिरचीची पोती उचलून शेजारच्या गावात न्यायचे. कांदा आणि लसूण उन्हात वाळवायचा, तर दोनदा वळवाने गाठलं आणि माल काळा पडला. आणि बाजारपेठेतले दुकानदार म्हणत होते, "सुटा नको, शंभर-दोनशे ग्रॅमची लेबलवाली पाकिटं द्या."

शेडचा आकार किंवा टेंपो यात कुठेच अडत नव्हता. म्हणून कर्ज मिळेल का, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आणि आधी हे विचारलं की या तीन अडचणी सुटायला कमीत कमी किती पैसा लागतो.

तयार प्रकल्प अहवाल उघडून पाहिला तेव्हा

अहवालात पहिल्याच वर्षाची विक्री ४८ लाख धरली होती. ३८० रुपयांच्या भावाने हा आकडा गाठायचा तर वर्षाला १२,६०० किलो मसाला विकावा लागतो. ताई विकत होत्या २,४००. पाचपट मसाला यंत्र दळून देईल, पण तो घेणार कोण, याचं उत्तर अहवालात कुठेच नव्हतं. एकाही दुकानदाराचं नाव किंवा खरेदीचं पत्र जोडलेलं नव्हतं. शिवाय विक्री बाराही महिने सारखी दाखवली होती. म्हणजे जुलैतही एप्रिलइतकाच मसाला खपणार होता!

असे अहवाल मी बरेच पाहतो. एकाच साच्यातून निघालेले असतात. मागच्या गिऱ्हाइकाचं गाव एखाद्या पानावर तसंच राहून गेलेलं असतं. शाखेतला अधिकारीही ते रोज पाहतो, त्यामुळे त्याला फसवण्याचा प्रश्नच येत नाही. फसतो तो अर्जदार, कारण तोच त्या आकड्यांवर विश्वास ठेवतो.

अनुदानाचंही नीट समजून घ्यावं लागलं. पीएमएफएमईत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अशी मर्यादा होती आणि किमान १० टक्के स्वतःचे घालावे लागत होते. पण ती रक्कम हातात येत नाही. ती कर्जदाराच्या नावाने बँकेतच वेगळ्या खात्यात राहते. कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून तीन वर्षं खातं नियमित असेल आणि उद्योग चालू असेल, तरच ती कर्जात वळती होते. हप्ते थकून खातं बिघडलं तर कर्ज राहतं आणि अनुदान जातं. त्यामुळे पहिली तीन वर्षं निघण्यासाठी अनुदानावर विसंबता येत नाही. ती स्वतःच्या गल्ल्यातूनच काढावी लागतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय विक्रेत्याचाच. १४,२०,००० मधले १० टक्के घालून १२,७८,००० चं कर्ज. ११ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी त्याचा हप्ता बसतो महिना जवळपास २१,९००, म्हणजे वर्षाला २,६३,००० रुपये.

दुसरा, गावातल्या एका पतसंस्थेचा. चार लाख आठ दिवसांत, तीन वर्षांसाठी, "बारा टक्के फक्त". हे बारा टक्के फ्लॅट होते, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण चार लाखांवर. हप्ता महिना १५,१०० च्या पुढे. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हा दर २१ टक्क्यांच्या घरात जातो. वेग हवा म्हणून ताईंचे यजमान याच पर्यायाकडे झुकले होते. बँकेचे ११ आणि पतसंस्थेचे १२ यांत एकाचाच फरक दिसत होता, म्हणून दोन्हीकडच्या हप्त्यांची पूर्ण बेरीज त्यांच्यासमोर कागदावर मांडली. तिथे तो पर्याय संपला.

तिसरा, कर्जच न घेता एक हंगाम तसाच काढायचा. हा पर्याय मी नेहमी गांभीर्याने मांडतो. पण वळवात गेलेला माल आणि परत गेलेली पोती यांचा हिशेब केला, तर वर्षाला पन्नास हजारांचा तरी फटका बसत होता. थांबण्यालाही किंमत होतीच.

चौथा, छोटा प्रकल्प. तीन अडचणी, त्यांना तीन उत्तरं. दळण्यासाठी मोटरसह पल्व्हरायझर १,१५,०००. भाजायला गॅसवरचा ड्रम रोस्टर ९५,०००. कांदा-लसूण वाळवायला ट्रे ड्रायर १,१०,०००. पाकिटांसाठी बँड सीलर, वजनकाटा आणि तारीख छापायचं यंत्र मिळून ३५,०००. वायरिंग, पाया, धूर बाहेर टाकायची सोय आणि वाढीव वीजभार यांना ७५,०००, आणि भाववाढीसाठी २०,०००. एकूण साडेचार लाख. स्वतःचे ४५,००० घातले की यंत्रांसाठी मुदत कर्ज ४,०५,०००.

मिरची खरेदीचा पैसा मात्र यात मिसळला नाही. विक्रेत्याच्या अहवालात तो मुदत कर्जातच टाकला होता, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतली जाते आणि जूनपर्यंत मसाला होऊन विकली जाते. पाच महिन्यांत मोकळा होणारा पैसा सात वर्षांच्या हप्त्यांवर का घ्यायचा? त्यासाठी कॅश क्रेडिट असतं. लागेल तेव्हा उचलायचं, विक्री आली की भरायचं आणि वापरलेल्या रकमेवर वापरल्या दिवसांचं व्याज द्यायचं. लहान उद्योगांना बँका अंदाजित उलाढालीच्या २० टक्क्यांपर्यंत अशी मर्यादा देतात. १४ लाखांच्या उलाढालीवर ती २,८०,००० होत होती. दोन लाखांत हंगामाची मिरची भागत होती, म्हणून दोनच मागितले.

हप्त्याचं गणित

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवला. ताईंच्या वहीवरून मागच्या वर्षाचा महिनावार हिशेब मांडला. कच्चा माल, वीज, मजुरी, पाकिटं आणि गाडीभाडं वजा जाता मार्च ते मे दर महिन्याला ४५,००० उरत होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरला २०,००० आणि उरलेल्या सात महिन्यांत फक्त ८,०००. वर्षाचे झाले २,३१,०००. यातून घरखर्चाला महिना ८,००० जात होते आणि बचत गटाच्या जुन्या कर्जाचा हप्ता २,४०० होता. हे दोन्ही काढल्यावर वर्षाला साधारण १,०६,००० मोकळे राहत होते.

हप्त्याची कसोटी मी मागच्या वर्षाच्या धंद्यावरच लावतो. यंत्र आल्यावर धंदा वाढेल हे खरं, पण ती वाढ कधी येईल हे कुणाच्या हातात नसतं आणि हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते. म्हणून असं विचारायचं की वाढ शून्य झाली तरी हप्ता निघतो का. मोठ्या प्रकल्पाचे २,६३,००० मोकळ्या १,०६,००० मधून निघणं शक्यच नव्हतं. ४,०५,००० ला पाच वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ८,८०५, वर्षाला १,०५,६६०. म्हणजे पै-पै त्यातच जाणार. सात वर्षांना हप्ता ६,९३४, वर्षाला ८३,२०८. कॅश क्रेडिटचं पाच महिन्यांचं व्याज ९,००० धरलं तरी १४,००० च्या आसपास शिल्लक राहत होती.

सात वर्षांत व्याज सुमारे ५४,००० जास्त जातं. ताईंना ते खुपत होतं, आणि खुपायलाच हवं. पण बरं वर्ष आलं तर जास्त भरून मुदत कमी करता येते. वाईट वर्ष आलं तर हप्ता कमी करता येत नाही. मुदतीआधी रक्कम भरल्यास दंड लागणार नाही, हे शाखेकडून मंजुरीपत्रातच लिहून घ्यायचं ठरलं आणि सात वर्षं नक्की केली.

मग ओढीच्या महिन्यांचा प्रश्न. जूनसारख्या महिन्यात ८,००० येणार आणि तेवढेच घरात लागणार. हप्ता आणि बचत गट मिळून ९,३३४ रुपयांची तूट. अशा सात महिन्यांची तूट होते साधारण ६५,०००. ती भरायची तर मार्च, एप्रिल आणि मे या तिन्ही महिन्यांत २२,००० रुपये बाजूला टाकायला हवेत. त्यासाठी त्याच शाखेत वेगळं बचत खातं काढलं आणि हप्ता तिथूनच कापला जाईल अशी सूचना दिली. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलं नाही.

आणखी एक निर्णय इथेच झाला आणि तो बऱ्याच जणांना उलटा वाटेल. कर्ज जानेवारीत उचललं जाणार होतं. विक्रेत्याच्या अहवालात हप्ते सुरू व्हायला सहा महिन्यांची सवलत मागितली होती. ऐकायला छान वाटतं. पण मग पहिला हप्ता नेमका भर पावसात, जुलै-ऑगस्टला आला असता, आणि हंगामाचा पैसा तोवर मिरचीत, घराच्या डागडुजीत किंवा लग्नकार्यात जिरलेला असता. शिवाय सवलतीच्या काळातही व्याज चालूच राहतं. म्हणून दोनच महिन्यांची सवलत मागितली, जेणेकरून पहिला हप्ता एप्रिलमध्ये पडेल.

कागदपत्रं

कागदांची यादी बँकेच्या कोणत्याही शाखेत मिळते. आधार, पॅन, बारा महिन्यांचा खातेउतारा, प्राप्तिकर विवरणपत्र, जागेचा पुरावा, कोटेशन, उद्यम नोंदणी, अन्न परवाना आणि प्रकल्प अहवाल. सगळे कागद ताईंच्या पिशवीत होते. मात्र ते एकमेकांशी जुळत नव्हते, आणि अर्ज परत येतात ते बहुतेक याच कारणाने.

पॅनवर माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. शेड ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये सासऱ्यांच्या नावावर आणि वीजमीटर तर हयात नसलेल्या आजेसासऱ्यांच्या नावावर. पॅन दुरुस्त करून घेतलं. सासऱ्यांबरोबर भाडेकरार नोंदवला आणि त्याची मुदत कर्जाच्या मुदतीइतकी ठेवली, कारण अकरा महिन्यांच्या करारावर सात वर्षांचं कर्ज कोणी देत नाही. मीटरच्या नावबदलाचा अर्ज वीज कंपनीकडे दिला.

उद्यम नोंदणी दोन वर्षांपूर्वी एका सेवा केंद्रातून पंधराशे रुपये देऊन केली होती. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. वर त्यात धंद्याचा प्रकार चुकीचा, किराणा विक्री असा पडला होता. अन्न प्रक्रियेच्या योजनेखाली अर्ज आणि नोंदणी किराणा दुकानाची, हे चाललं नसतं. नोंदणी दुरुस्त केली.

अन्न परवान्याची गोष्ट जरा खोलात जाऊन बघण्यासारखी आहे. ताईंकडे एफएसएसएआयची साधी नोंदणी होती. ती तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीसाठी असायची, त्यावर राज्य परवाना लागायचा. आपल्या अहवालात उलाढाल १४ लाख दाखवली आहे आणि नोंदणी १२ लाखांची. त्यामुळे उलाढाल वाढताच राज्य परवाना घेऊ, असं स्पष्ट वाक्य अहवालात घातलं आणि त्याची फी खर्चात धरली.

खातेउताऱ्यात वर्षभराची जमा फक्त ४,१०,००० दिसत होती, कारण बाकीचा सगळा धंदा रोखीत होता. वही खरी होती, पण बँक वहीपेक्षा उताऱ्याला मानते. मागचा काळ बदलता येत नाही, म्हणून दोन गोष्टी केल्या. जुलैअखेरच्या मुदतीत विवरणपत्र भरलं आणि त्यात नफा खराच, २,३१,००० दाखवला. कर तसाही शून्यच येत होता. नफा कमी दाखवून पुढे जास्त कर्ज मागायचं हा घोळ शाखेत लगेच पकडला जातो. दुसरं म्हणजे अर्ज चार महिने लांबवला. दिवाळीच्या हंगामाची सगळी रोख दर सोमवारी खात्यात भरायची शिस्त लावली आणि दुकानदारांना फक्त यूपीआयने पैसे द्यायला सांगितलं. नोव्हेंबरअखेर उतारा वहीशी जुळू लागला होता.

क्रेडिट अहवालात एक जुनी ठिणगी निघाली. मोबाईलच्या हप्त्यांवरच्या कर्जाचे १,८६० रुपये भरायचे राहिले होते. फोन बिघडला म्हणून यजमानांनी रागाने शेवटचे हप्ते थांबवले होते. रक्कम किरकोळ असली तरी अहवालात "थकीत" असा शेरा होता. पैसे भरून ना-हरकत पत्र घेतलं आणि अहवाल सुधारेपर्यंत महिनाभर वाट पाहिली. अर्ज करण्याआधीच हे बघितलं म्हणून निभावलं. अर्ज आत गेल्यावर हाच शेरा नकाराचं कारण ठरू शकतो.

कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळा" अशी बारीक ओळ होती. ताईंची जीएसटी नोंदणी नव्हती, म्हणजे भरलेला कर परत मिळणार नव्हता. म्हणून करासह किमतीची कोटेशनं मागवली, प्रत्येक यंत्रासाठी दोन विक्रेत्यांकडून.

अर्ज आणि बँकेची भेट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात योजनेच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. जिल्हा संसाधन व्यक्ती, म्हणजे कृषी विभागाने अर्जदारांच्या मदतीसाठी नेमलेला माणूस, याने कागद तपासून तो शाखेकडे पाठवला. एकूण मागणी ६,०५,००० ची. मुद्रा योजनेच्या 'तरुण' गटात ती बसत होती आणि तेव्हाच्या नियमाने दहा लाखांपर्यंत सूक्ष्म उद्योगाकडे बँकेने तारण मागायचं नव्हतं.

शाखाधिकारी जागा बघायला आले. डंका पाहिला, वही चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पावसाळ्यात काय करता?" ताईंनी महिनावार हिशेबाचा कागद समोर ठेवला. "साहेब, जूनपासून गल्ला बसतो. म्हणून मार्च ते मेमध्येच पुढचे हप्ते वेगळ्या खात्यात टाकणार आहे." साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. माझ्या मते कर्ज तिथेच मंजूर झालं.

मग साहेबच म्हणाले, "आठ लाख करू या का? तारण तर लागणार नाही. पुन्हा पुन्हा अर्ज कशाला करता?" त्यांचा हेतू चांगलाच होता. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. जास्तीच्या दोन लाखांचा हप्ता होतो ३,४२४, आणि वर्षाची शिल्लक होती १४,०००. चार महिन्यांत ती संपली असती. हे ताईंनी स्वतः बोटांवर मोजलं आणि नको म्हणाल्या.

मोहाचे आणखी दोन क्षण आले. एका विक्रेत्याने पल्व्हरायझरचं बिल १,६०,००० चं करून वरचे ४५,००० रोख परत द्यायची तयारी दाखवली, म्हणजे स्वतःचे पैसे घालायला नकोत. हा बँकेची फसवणूक करण्याचा सरळ प्रकार आहे, आणि त्या ४५,००० वर सात वर्षं व्याज भरायचं ते वेगळंच. त्या विक्रेत्याकडून काहीच घेतलं नाही. दुसरा विचार स्वतःच्या वाट्यासाठी गंठण गहाण ठेवायचा होता. पण उसन्या पैशातून घातलेला वाटा हेही कर्जच, आणि त्याचा हप्ता आपल्या हिशेबात कुठेच धरलेला नव्हता. दिवाळीच्या कमाईतले ३०,००० आणि यजमानांनी साठवलेले १५,००० असे मिळून पैसे उभे केले.

जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी आली. मंजुरीपत्र सहीआधी घरी आणून वाचलं. त्यात एक विमा पॉलिसी जोडलेली होती. यंत्रं आणि मालाचा विमा गरजेचा होता, तो ठेवला. जोडीला आलेली आयुर्विम्याची बचत पॉलिसी कर्जाची अट नाही, हे शाखेत विचारून खात्री केली आणि ती काढून टाकायला सांगितली. यंत्रांची रक्कम बँकेने थेट विक्रेत्यांच्या खात्यात पाठवली.

निष्पत्ती

पहिला हंगाम अंदाजाइतका झाला नाही, पण मोडलाही नाही. मसाला ३,३०० किलो जाईल असं धरलं होतं, गेला ३,१००. मुख्य कारण विजेचं. वाढीव भाराचा अर्ज जानेवारीत दिला आणि जोडणी मिळेपर्यंत मार्चचा निम्मा महिना गेला. तोवर नवा पल्व्हरायझर झाकून ठेवलेला होता. एप्रिलमध्ये वळीव आला तेव्हा ड्रायरने माल वाचवला, मात्र त्याचं बिल आम्ही धरलं होतं त्याहून बरंच जास्त आलं. वर्षअखेर धंद्याची शिल्लक आदल्या वर्षापेक्षा सुमारे ७०,००० ने वाढली होती.

जून ते सप्टेंबरचे हप्ते वेगळ्या खात्यातून आपोआप गेले. जुलैत भाच्याच्या लग्नासाठी त्या पैशाला हात लावायची वेळ आली होती. कार्ड नसल्याने शाखेत जाऊन पैसे काढावे लागले असते, तेवढ्या अवधीत विचार बदलला. उलाढाल १२ लाखांपुढे गेल्यावर राज्य परवाना घेतला. अनुदानाची दीड लाखाच्या आसपासची रक्कम बँकेतल्या वेगळ्या खात्यात जमा झाली आहे आणि मुदत संपेपर्यंत तिथेच राहील.

कॅश क्रेडिटने मात्र त्रास दिला. जूनअखेर ते शून्यावर यायला हवं होतं, ३५,००० अडकले. काही मिरची शेडमध्ये ओल लागून खराब झाली आणि पाकिटं घेणाऱ्या दुकानदारांकडे उधारी तुंबली. खातं मोकळं व्हायला नोव्हेंबर उजाडला.

वेगळं काय करता आलं असतं

विजेचा अर्ज कर्जमंजुरीची वाट न बघता ऑक्टोबरमध्येच द्यायला हवा होता. त्याला फार पैसा लागत नव्हता, आणि मार्चचा निम्मा महिना हातात आला असता. मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच आधी विचारतो, तुमचा मंजूर वीजभार किती.

पाकिटं सुरू केली की उधारीही सुरू होते, हे हिशेबात यायला हवं होतं. सुटा मसाला रोखीत जायचा. दुकानदार मात्र पाकिटांचे पैसे महिना-दीड महिन्याने देतात. धंद्याची पद्धत बदलली, पण खेळतं भांडवल आम्ही जुन्याच पद्धतीवर मोजलं होतं. मर्यादा वाढवून मागण्यापेक्षा सुरुवातीला पाकिटं मोजक्याच दुकानांना देणं हा यावरचा बरा मार्ग होता. दुसऱ्या हंगामात ताईंनी तसंच केलं. मिरचीही एकदम न घेता तीन खेपांत घेतली आणि मे संपल्यावर उरलेली शीतगृहात ठेवली.

बचत गटाचं जुनं कर्ज अर्जाआधी फेडून टाकावं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. फेडलं असतं तर महिना २,४०० मोकळे झाले असते, पण हातची रोख गेली असती आणि स्वतःचा वाटा उभा राहिला नसता. अकरा महिन्यांत ते आपोआप संपणार होतं, म्हणून चालू ठेवलं. कर्ज तीन-चार वर्षं बाकी असतं तर निर्णय उलटा घेतला असता.

पॅकिंग मशीनचा विषय अजून निघतो. विक्रेता दर दिवाळीला फोन करतो. ताईंनी त्यासाठी दोन अटी घालून ठेवल्या आहेत : महिन्याला पाचशे किलोंची पाकिटं सलग सहा महिने, पावसाळा धरून, विकली गेली पाहिजेत, आणि दुकानदारांची उधारी एका महिन्याच्या विक्रीपेक्षा कमी असली पाहिजे. गेल्या ऑगस्टमध्ये पाकिटं गेली एकशे ऐंशी किलो.